व्याकरण तपासलं आणि एआयचा टक्का वाढला: एका प्रकरणाची टप्प्याटप्प्याने तपासणी

बडोद्यातल्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने खंडेराव मार्केटमधल्या भाजीविक्रेत्यांवर इंग्रजीत प्रबंधिका लिहिली. मुलाखती तिने स्वतः गुजराती-मराठीत घेतल्या, वहीत टिपून ठेवल्या आणि त्यांवरून इंग्रजी मजकूरही स्वतःच लिहिला. तरी तिसऱ्या प्रकरणाच्या एआय-तपासणीच्या अहवालात निम्म्याहून जास्त मजकूर एआयचा आहे असं आलं आणि विभागाने खुलासा मागितला. तिचं म्हणणं एकच होतं: "मी फक्त व्याकरण तपासलं."

ते म्हणणं खरं होतं, पण 'व्याकरण तपासलं' या दोन शब्दांत तीन निरनिराळी कामं दडलेली होती आणि त्यांचा परिणाम अगदी वेगवेगळा होतो. म्हणून मजकूर कोणी लिहिला या वादात न शिरता आम्ही आधी एवढंच शोधायला घेतलं की टक्का नेमका कोणत्या टप्प्यावर चढला.

त्यासाठी जुने मसुदे लागतात. लेखन गूगल डॉक्समध्ये झालं होतं, त्यामुळे `File > Version history > See version history` इथून ते मिळाले. मात्र डॉक्युमेंटची `Make a copy` करून पुढचं काम त्या प्रतीत केलेलं असेल, तर जुना इतिहास प्रतीबरोबर येत नाही. मूळ फाइलच उघडावी लागते. आम्ही चार अवस्था वेगळ्या फाइलींत काढल्या. 'अ' म्हणजे कच्चा मसुदा, 'ब' म्हणजे स्पेलिंग आणि निखळ व्याकरण सुधारल्यानंतरचा, 'क' म्हणजे वाक्यं सुबक करणाऱ्या सगळ्या सूचना सरसकट स्वीकारल्यानंतरचा, आणि 'ड' म्हणजे काही परिच्छेद पुनर्लेखनाच्या साधनातून काढून परत चिकटवल्यानंतरचा, जो विभागात जमा झाला होता. लागोपाठच्या दोन फाइली वर्डमध्ये `Review > Compare` मधून शेजारी लावल्या की प्रत्येक बदल रंगात दिसतो.

तपासणीसाठी चारही फाइलींतून एकच सलग भाग घेतला, साधारण नऊशे शब्दांचा, त्याच वाक्यापासून त्याच वाक्यापर्यंत. हे काटेकोरपणे करावं लागतं. तुकडा लहान असेल तर आकडा भरवशाचा राहत नाही. विद्यापीठांत प्रबंध तपासायला वापरली जाणारी टर्निटिनसारखी प्रणाली सलग गद्याचे किमान ३०० शब्द नसतील तर एआयचा अहवालच देत नाही. तक्ते, मुद्द्यांच्या याद्या आणि संदर्भसूची गद्यात धरल्या जात नाहीत, त्यामुळे त्या आधीच काढून टाकल्या. आणखी एक सावधगिरी ग्रंथालयातून तपासणी करून घेताना घ्यावी लागते. मसुदे प्रणालीच्या साठ्यात जमा होणार नाहीत अशी सेटिंग आहे का, हे आधी विचारून घ्यावं. नाहीतर अंतिम प्रबंधिका स्वतःच्याच मसुद्याशी जुळते आणि सिमिलॅरिटीचं, म्हणजे इतर लेखनाशी असलेल्या साम्याचं, नवं संकट उभं राहतं.

निकाल स्पष्ट होता. 'अ'चा टक्का अगदी कमी आला. 'ब'चा जवळपास तेवढाच राहिला. 'क'वर तो चांगलाच उडी मारून वर गेला आणि 'ड'ने निम्म्याची रेषा ओलांडली. म्हणजे स्पेलिंग आणि क्रियापदाची रूपं सुधारल्याने फार काही झालेलं नव्हतं. वाढ झाली ती 'बरोबर करणं' संपून 'चांगलं करणं' सुरू झालं तिथून.

असं का होतं ते एका वाक्यावरून समजेल. कच्च्या मसुद्यात पहाटेच्या आवकीबद्दल तिने लिहिलं होतं, "व्हेन द टेम्पो फ्रॉम पादरा साईड रीचेस". पादरा हा बडोद्याजवळचा भाजीपाल्याचा पट्टा, आणि 'पादरा साईड' हे आपल्याकडचं रोजचं बोलणं. 'ब'मध्ये या वाक्याला हात लागला नाही. 'ड'मध्ये त्याचं झालं, "व्हेन व्हेइकल्स फ्रॉम निअरबाय व्हिलेजेस अराइव्ह". व्याकरण निर्दोष, वाचायला सोपं, आणि तपासणाऱ्या यंत्राच्या नजरेत कितीतरी जास्त संशयास्पद.

एआय ओळखणाऱ्या बऱ्याच यंत्रांच्या मुळाशी एक मोजमाप असतं, त्याला पर्प्लेक्सिटी म्हणतात. भाषेचं मॉडेल मजकूर शब्दाशब्दाने वाचतं आणि प्रत्येक ठिकाणी पाहतं की आधीचं एवढं वाचल्यावर हाच शब्द येईल याची शक्यता किती होती. सगळे शब्द अपेक्षित निघाले तर पर्प्लेक्सिटी कमी, अनपेक्षित निघाले तर जास्त. मॉडेल स्वतः लिहितं तेव्हा बहुतेकदा जास्त शक्यतेचे शब्द उचलतं, म्हणून कमी पर्प्लेक्सिटी ही एआयची खूण मानली जाते.

आकड्यांत पाहू. हे आकडे केवळ गणित दाखवण्यापुरते घेतले आहेत. समजा चार जागांवरच्या शब्दांची शक्यता दोनात एक, दहात एक, हजारात एक आणि वीसात एक अशी आहे. हजारात एक म्हणजे 'पादरा'. चारही एकत्र येण्याची शक्यता चार लाखांत एक. चार लाखांचं चौथं मूळ साधारण २५, ही झाली पर्प्लेक्सिटी. आता 'पादरा'च्या जागी वीसात एक शक्यतेचा शब्द आला आणि शेवटच्या वीसात एकच्या जागी चारात एक शक्यतेचा. चारांपैकी दोनच शब्द बदलले, पण एकत्रित शक्यता सोळाशेत एक झाली आणि तिचं चौथं मूळ साधारण ६.३. पंचवीसवरून सहावर. आकडा वर धरून ठेवणारे शब्द मोजकेच असतात: गावांची नावं, स्थानिक शब्द, एखादी आडवळणाची रचना. सुबकपणाच्या सूचना नेमक्या त्यांच्यावरच पडतात, कारण सूचना देणारं मॉडेलही याच शक्यतांवर चालतं. त्याला जे खटकतं तेच तपासणाऱ्या यंत्राला माणसाचं वाटतं.

'ब'मध्ये आकडा का हलला नाही, हेही यातूनच कळतं. आर्टिकल घालणं, 'सेलर कम'चं 'सेलर्स कम' करणं, स्पेलिंग सुधारणं यांत शब्दांची निवड लेखिकेचीच राहते. चुकीचं स्पेलिंग यंत्राला अनपेक्षित वाटतं, त्यामुळे सुधारल्यावर पर्प्लेक्सिटी थोडी उतरते हे खरं. पण नऊशे शब्दांत विखुरलेल्या अशा दुरुस्त्यांनी वाक्यांचा सांगाडा बदलत नाही.

'क'मध्ये शब्दांपेक्षा जास्त नुकसान वाक्यांच्या लांबीत झालं. एका परिच्छेदातली सलग चार वाक्यं मोजली. मूळची ४४, ६, ३१ आणि १२ शब्दांची होती. लांब वाक्यात विक्रेता उधारी कशी ठेवतो ते एका दमात सांगितलं होतं आणि लगेच पाठोपाठ सहा शब्दांचं वाक्य होतं की ही उधारी लिहून ठेवली जात नाही. लांब वाक्यं तोडा, तुटक वाक्यं जोडा, कर्मणी रचना कर्तरी करा, या सूचना एकेक करून योग्यच दिसतात. सगळ्या स्वीकारल्यावर परिच्छेद १७, १९, १६, २० आणि १८ शब्दांच्या पाच वाक्यांचा झाला. लांबीतल्या आणि रचनेतल्या या चढउताराला बर्स्टिनेस म्हणतात. २०२३च्या जानेवारीत आलेल्या जीपीटीझीरो या एआय ओळखणाऱ्या साधनाने पर्प्लेक्सिटीच्या जोडीने हेच मोजमाप लोकांपुढे आणलं होतं. माणसाचं लेखन खालीवर होतं, यंत्राचं सपाट चालतं, असा त्यामागचा आडाखा. तो आडाखा एका बोटाच्या 'ॲक्सेप्ट ऑल'ने उलटा पडतो.

आजच्या प्रणाली या दोनच मोजमापांवर थांबत नाहीत. माणसांचे आणि यंत्रांचे असंख्य नमुने दाखवून त्यांचं वर्गीकरण शिकवलेलं असतं. पण तिथेही अडचण तीच राहते. माणसाने लिहून यंत्राकडून घासूनपुसून घेतलेला मजकूर दोन्ही ढिगांच्या मधला आहे, आणि यंत्राला मात्र दोनांपैकी एक ढीग निवडायचा असतो.

विद्यार्थिनीला सगळ्यात जास्त त्रास झाला तो एका वेगळ्या गोष्टीचा. ज्या परिच्छेदांना तिने हातही लावला नव्हता, तेही अहवालात एआयचे म्हणून रंगलेले होते. याचं कारण गुण देण्याच्या पद्धतीत आहे. टर्निटिनने आपली पद्धत सांगितली आहे त्यानुसार मजकुराचे काहीशे शब्दांचे, एकमेकांवर चढणारे तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्याला गुण मिळतो आणि एक वाक्य ज्या ज्या तुकड्यांत येतं त्यांच्या सरासरीवर त्याचं भवितव्य ठरतं. म्हणून पुनर्लेखन केलेल्या दोन परिच्छेदांच्या मधोमध असलेला अस्सल परिच्छेदही खेचला जातो. अहवालातला टक्का हा असा रंगलेल्या मजकुराचा वाटा असतो. ६० टक्के याचा अर्थ 'हे एआयने लिहिल्याची शक्यता ६० टक्के' असा होत नाही, आणि खुलासा घेणाऱ्यांपैकी अनेकांना हा फरक समजावून सांगावा लागतो. त्याच प्रणालीत २० टक्क्यांखाली नेमका आकडा न दाखवता फक्त तारांकन दिसतं, कारण तिथे चुकीचा आळ येण्याचं प्रमाण जास्त आहे असं कंपनीच सांगते.

इंग्रजी ही ज्यांची पहिली भाषा नाही त्यांच्यासाठी ही पायरी आणखी निसरडी असते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली सात यंत्रं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांत घातले, तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरवले गेले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र बहुतांशी माणसांचे म्हणूनच ओळखले गेले. कारण शब्दसंपत्तीचं. शिकून आलेल्या इंग्रजीत शब्द मोजके आणि नेहमीचे येतात, त्यामुळे पर्प्लेक्सिटी मुळातच कमी असते.

याच अभ्यासाचा पुढचा भाग कमी सांगितला जातो, आणि आमच्या कामात तोच जास्त उपयोगी पडला. संशोधकांनी तेच टोफेल निबंध चॅटजीपीटीकडून शब्दांनी समृद्ध करून घेतले, तर आळ येण्याचं प्रमाण ६१ वरून सुमारे १२ टक्क्यांवर उतरलं. उलट अमेरिकन मुलांच्या निबंधांतले शब्द साधे करून घेतले, तर त्यांतले निम्म्याहून जास्त एआयचे ठरले. म्हणजे यंत्राचा हात लागला की टक्का चढतोच असं नाही. दिशा महत्त्वाची आहे. भाषा सोपी, सरळ आणि सारखी करणारा बदल टक्का चढवतो, आणि व्याकरणाच्या साधनांतल्या 'स्पष्टता' सदराखालच्या सूचना बहुतेक याच दिशेच्या असतात. खरं एआय वापरून समृद्ध केलेला निबंध सुटतो आणि स्वतः लिहून सोपा केलेला निबंध अडकतो, हे या यंत्रांवरून कोणाच्या पदवीचा निर्णय घेणाऱ्यांनी वाचलंच पाहिजे.

आता 'ड'कडे. पुनर्लेखनाचं साधन तिने मुळात वापरलंच का? सिमिलॅरिटी कमी करायला. तिच्या कार्यपद्धतीच्या भागात नमुना निवडण्याची वाक्यं इतर प्रबंधांशी जुळत होती आणि मित्रमंडळींनी सांगितलं की दहाच्या खाली आण. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि त्यापुढे नोंदणी रद्द होते. हे सगळे टप्पे साम्याचे आहेत. एआयच्या टक्क्याला ते लागू नाहीत. पण मुलांच्या मनात दोन्ही टक्के एकाच तराजूत पडतात. मग साम्य उतरवण्यासाठी मजकूर क्विलबॉटसारख्या साधनातून काढला जातो. साम्य उतरतं, एआयचा टक्का चढतो. तो उतरवायला मजकूर परत दुसऱ्या साधनातून जातो, आणि प्रत्येक फेरीत मूळ लेखन आणखी झिजतं.

हे गाडं वाटेतच थांबवता आलं असतं. त्याच नियमांत संदर्भ देऊन घेतलेली उद्धृतं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, कायदे, प्रमाण चिन्हं आणि समीकरणं साम्यातून वगळली आहेत. सर्वसामान्य माहितीची सलग चौदा शब्दांपर्यंतची जुळणीही त्यात धरायची नाही. तिच्या जुळलेल्या वाक्यांपैकी बरीचशी याच सवलतीत बसत होती. अहवाल काढताना उद्धृतं आणि संदर्भसूची वगळण्याचे पर्याय निवडलेलेच नव्हते. तेवढे निवडले असते तर पुनर्लेखनाची गरजच पडली नसती. जिथे व्याख्या दुसऱ्याची आहे तिथे ती अवतरणचिन्हांत जशीच्या तशी देऊन संदर्भ लावणं हाच प्रामाणिक आणि दोन्ही अहवालांत टिकणारा मार्ग आहे.

पुनर्लेखनाची आणखी एक खूण मागे राहते. परिच्छेद बाहेर नेऊन परत चिकटवला की डॉक्युमेंटच्या इतिहासात तो एका क्षणात अवतरलेला दिसतो. एआयकडून लिहून घेऊन चिकटवलेला मजकूरही अगदी तसाच दिसतो. शिवाय टर्निटिन २०२४ पासून 'एआयने लिहून मग साधनाने फिरवलेला' मजकूर वेगळ्या रंगात दाखवतं. साधनाने फिरवण्याआधी तो कोणी लिहिला होता हे यंत्राला दिसण्याचा काही मार्ग नाही. माणसाचा मजकूर फिरवला तरी तो त्याच रंगात जाऊ शकतो.

दुरुस्तीची पद्धत साधी ठेवली. 'ड' आणि 'क' बाजूला केले आणि 'ब'वरून काम सुरू केलं. साधनं बंद केली नाहीत, त्यांची धाव आवरली. ग्रामरलीत फक्त `Correctness` खालच्या सूचना पाहायच्या, `Clarity`, `Engagement` आणि `Delivery` सोडून द्यायच्या. वर्डमध्ये `File > Options > Proofing` इथे `Writing Style` चा पर्याय असतो. तो `Grammar & Refinements` वरून नुसत्या `Grammar` वर आणला. लँग्वेजटूल वापरणाऱ्यांनी `Picky mode` बंद ठेवावा. सूचना मूळ डॉक्युमेंटमध्येच, एकेक वाचून स्वीकारायच्या. स्वीकारण्याआधी प्रश्न एकच: जुनं वाक्य चुकीचं आहे, की साधनाला फक्त वेगळं आवडलं असतं? चुकीचं असेल तर सुधारायचं, नाहीतर तसंच ठेवायचं.

जिथे वाक्य खरोखर गुंतलेलं होतं, उदाहरणार्थ उधारीचं ते ४४ शब्दांचं, तिथे आम्ही तिला वही उघडायला सांगितली. विक्रेत्या बाईंनी काय सांगितलं ते तिने आधी मराठीत तोंडी सांगितलं आणि मग इंग्रजीत स्वतः पुन्हा लिहिलं. नवं वाक्य ३५ शब्दांचं झालं, स्पष्ट झालं, आणि त्यात उधारी आठवड्याच्या कोणत्या वारी चुकती होते हा तपशील आला, जो आधीच्या चारही मसुद्यांत नव्हता. 'पादरा साईड'ही परत आलं. स्थानिक इंग्रजी म्हणून परीक्षकांना खटकेल असं तिला वाटत होतं, म्हणून 'साईड' काढून 'पादरा तालुका' केलं. अर्थ नेमका झाला आणि नाव राहिलं.

नव्या मसुद्याचा एआय टक्का 'ब'च्या जवळपास आला. एक भाग मात्र रंगलेलाच राहिला: असंघटित क्षेत्राची व्याख्या आणि नमुना निवडण्याची पद्धत सांगणारे दोन परिच्छेद. ते 'अ'मध्येही थोडे रंगलेले होते. असा मजकूर कोणीही लिहिला तरी ठरलेल्या शब्दांतच येतो, पर्प्लेक्सिटी कमीच राहते, आणि ती वाढवण्यासाठी वाक्यं मुद्दाम वेडीवाकडी करणं म्हणजे प्रबंध बिघडवणं. ते तसेच ठेवले.

विभागाला खुलासा देताना नवा टक्का पुढे केला नाही. टक्का कमी आला म्हणून लेखन तिचं ठरत नाही, जसा तो जास्त आला म्हणून परकं ठरत नव्हतं. दिल्या त्या गोष्टी अशा: चारही मसुदे तारखांसह, लागोपाठच्या मसुद्यांची तुलना, मुलाखतींच्या वहीची छायाचित्रं आणि प्रत्येक रंगलेल्या परिच्छेदासमोर तो कोणत्या टप्प्यावर बदलला याची एका ओळीची नोंद. प्रबंधिकेच्या सुरुवातीला हे निवेदन जोडलं: "या प्रबंधिकेचा मजकूर माझा आहे. स्पेलिंग आणि व्याकरणाच्या दुरुस्तीसाठी संगणकीय साधन वापरलं आहे. वाक्यं किंवा परिच्छेद नव्याने लिहून देणारी सुविधा अंतिम मसुद्यात वापरलेली नाही. आधीच्या मसुद्यात तिसऱ्या प्रकरणातल्या काही परिच्छेदांसाठी ती वापरली होती. ते परिच्छेद मी मूळ नोंदींवरून पुन्हा लिहिले आहेत." साधनाचं नाव आणि वापरलेली सुविधा त्याखाली लिहिली. मार्गदर्शकांनी वही आणि मसुदे समोर ठेवून तिला तासभर तोंडी प्रश्न विचारले, आणि तिसरं प्रकरण नव्या मसुद्यानुसार स्वीकारलं गेलं.